खोडलेलं उत्तर बरोबर होतं

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

चाचणीचे पेपर तपासताना तुझ्या एका उत्तरापाशी मी बराच वेळ थांबलो. प्रश्न तुला आठवत असेल. १० सेंटिमीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोल आहे. त्याच्या केंद्रापासून २० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे गोलाच्या बाहेर, ८.८५ नॅनोकूलॉमचा धन प्रभार ठेवला आहे. गोलाच्या पृष्ठभागातून जाणारा एकूण फ्लक्स किती, आणि पृष्ठभागावरच्या, प्रभाराला सगळ्यात जवळ असलेल्या बिंदूवर विद्युत क्षेत्र किती, असे दोन भाग होते.

दुसरा भाग तू आधी सोडवलेला दिसतो. जवळच्या बिंदूचं अंतर १० सेंटिमीटर घेतलंस, कूलॉमचा नियम वापरलास आणि सुमारे ७९६० न्यूटन प्रति कूलॉम असं उत्तर काढलंस. मग पहिल्या भागाकडे वळलास. बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण फ्लक्स फक्त आतल्या प्रभारावर ठरतो, हा गॉसचा नियम; आत प्रभार नाही, म्हणून फ्लक्स शून्य, हेही बरोबर लिहिलंस. आणि त्यानंतर ७९६० या आकड्यावर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलंस, ‘फ्लक्स शून्य आहे, म्हणून क्षेत्र शून्य.’

तू खोडलेला आकडा बरोबर होता. तो का खोडलास हेही मला समजतं. दोन उत्तरं एकमेकांशी भांडताहेत असं तुला वाटलं आणि तू मोठ्या नियमाच्या बाजूने कौल दिलास. पण त्या दोन उत्तरांत भांडण नाहीच. ते कसं नाही, हे नीट बसून सांगावं म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी क्षेत्राबद्दल. विद्युत क्षेत्र एका बिंदूवर असतं. त्या बिंदूवर अगदी छोटा धन प्रभार नेऊन ठेवला तर त्याच्यावर किती बल लागेल आणि कोणत्या दिशेला, हे क्षेत्र सांगतं. एक कूलॉममागे किती न्यूटन, असा तो हिशेब आहे. म्हणून एकक न्यूटन प्रति कूलॉम. त्याला दिशा आहे, म्हणजे ती सदिश राशी आहे. तिथे तू कुठला पृष्ठभाग कल्पिलास किंवा नाही, याने क्षेत्राला काडीचाही फरक पडत नाही.

इथे आपली भाषाच थोडी गोंधळात टाकते, असं मला नेहमी वाटतं. ‘क्षेत्र’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा विस्तार येतो, क्षेत्रफळ येतं. त्यामुळे विद्युत क्षेत्र हे कुठल्यातरी पृष्ठभागाचं असावं असं नकळत वाटू लागतं. ते तसं नाही. पृष्ठभागाची असते ती दुसरी राशी, फ्लक्स. ‘एका बिंदूवरचा फ्लक्स’ या शब्दांना अर्थच नाही. फ्लक्स विचारणाऱ्याला पहिला प्रश्न करायचा तो हा, की कोणत्या पृष्ठभागातून?

एक सपाट चौकट घे, १० सेंटिमीटर बाजूची. तिचं क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर. ती अशा जागी धर जिथे क्षेत्र सगळीकडे सारखं आहे, समज १००० न्यूटन प्रति कूलॉम, डावीकडून उजवीकडे. चौकट क्षेत्राला आडवी, म्हणजे तोंडावर धरलीस तर फ्लक्स १००० गुणिले ०.०१, म्हणजे १०. एकक न्यूटन-चौरस मीटर प्रति कूलॉम. आता चौकट हळूहळू फिरव. तिच्या पृष्ठाला लंब असलेली रेषा क्षेत्राशी ६० अंशांचा कोन करेल इतकी फिरवलीस की फ्लक्स ५ होतो. ९० अंश झाले, म्हणजे क्षेत्र चौकटीच्या पृष्ठाला समांतर झालं, की फ्लक्स शून्य. सूत्र तुला पाठ आहेच:

Φ = E A cosθ

या सगळ्या वेळात E हलला का? नाही. तो १००० होता आणि १०००च राहिला. फिरली ती चौकट. शेवटच्या स्थितीत फ्लक्स शून्य आहे, पण चौकटीच्या मधोमध एक छोटा प्रभार ठेवून बघ, त्याच्यावर पूर्वीइतकंच बल लागेल. एककांकडेही लक्ष दे. फ्लक्सच्या एककात एक चौरस मीटर जास्तीचा आहे. ज्यांची एककं वेगळी, त्या राशी एक असू शकत नाहीत आणि एकीचं उत्तर दुसरीच्या जागी लिहिता येत नाही. पेपर सोडवताना दुसरं काही सुचलं नाही तरी एवढी तपासणी करता येते.

‘फ्लक्स’ हा शब्द लॅटिनमधल्या वाहणं या अर्थाच्या शब्दावरून आला. पाण्याचा दाखला त्यामुळेच दिला जातो आणि तो कामाचा आहे. ओढ्यात एका जागी पाण्याचा वेग किती, ते क्षेत्रासारखं. आणि पाण्यात धरलेल्या कड्यातून सेकंदाला किती पाणी गेलं, ते फ्लक्ससारखं. कडं पाण्याच्या दिशेला समांतर वळवलं तर त्यातून पाणी जाणार नाही, ओढा मात्र तसाच वाहत राहील. दाखला इथवरच ताणायचा. स्थिर प्रभाराच्या क्षेत्रात खरोखर काहीही वाहत नसतं. म्हणूनच फ्लक्सला ‘विद्युत प्रवाह’ म्हणू नकोस. तो शब्द तारेतून वाहणाऱ्या प्रभारासाठी आधीच ठरलेला आहे.

आता तुझ्या गणिताकडे येऊ. मी ८.८५ नॅनोकूलॉम मुद्दाम घेतला होता. गॉसच्या नियमातल्या ε₀ या स्थिरांकाची किंमत ८.८५ × १०⁻¹² असल्यामुळे या प्रभाराला पूर्ण वेढणाऱ्या कुठल्याही बंद पृष्ठभागातून जाणारा फ्लक्स, म्हणजे q/ε₀, बरोबर १००० येतो. तेव्हा या प्रभारातून सगळ्या दिशांना सारख्या विखुरलेल्या १००० बलरेषा निघतात, असं चित्र मनात धर. या रेषा खऱ्या नाहीत, मोजणीच्या सोयीसाठी आहेत. पण मोजणी त्या अचूक करून देतात.

या प्रभारापाशी बसून आपल्या गोलाकडे बघितलं तर तो केवढा दिसेल? प्रभारापासून गोलाला स्पर्शिका काढ. केंद्र २० सेंटिमीटरवर, त्रिज्या १०, म्हणजे केंद्राच्या दिशेशी प्रत्येक स्पर्शिकेचा कोन ३० अंश. एवढ्या शंकूत चहूबाजूंच्या सगळ्या दिशांपैकी सुमारे ६.७ टक्के दिशा सामावतात. म्हणून १००० पैकी ६७ रेषा गोलाला गाठतात, बाकीच्या बाजूने निघून जातात. या ६७ रेषा जवळच्या बाजूने आत शिरतात. आत त्यांना संपायला ऋण प्रभार नाही आणि नव्या रेषा सुरू व्हायला धन प्रभारही नाही. त्यामुळे त्या सगळ्याच्या सगळ्या पलीकडच्या बाजूने बाहेर पडतात. बंद पृष्ठभागासाठी बाहेर जाणारा फ्लक्स धन आणि आत येणारा ऋण धरायचा असा संकेत आहे. वजा ६७ आणि अधिक ६७, बेरीज शून्य.

इथे जरा थांबून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. रेषा जिथून आत शिरतात तो गोलाचा भाग आणि जिथून बाहेर पडतात तो भाग सारखे नाहीत. स्पर्शबिंदूंच्या वर्तुळाने गोलाचे दोन तुकडे होतात. प्रभाराकडचा तुकडा गोलाच्या एकूण पृष्ठभागाच्या बरोबर पाव आहे, पलीकडचा पाऊण. जवळच्या तुकड्यावर क्षेत्र जोरदार आहे पण जागा कमी. दूरच्या तुकड्यावर क्षेत्र क्षीण आहे पण जागा तिप्पट. ६७ ला त्या त्या क्षेत्रफळाने भागलंस तर पृष्ठाला लंब असलेल्या क्षेत्रघटकाची सरासरी जवळच्या तुकड्यावर सुमारे २१३० आणि दूरच्या तुकड्यावर सुमारे ७१० मिळते. तिपटीचा फरक, आणि क्षेत्रफळातही तिपटीचाच फरक, उलट बाजूने. त्यामुळे दोन्ही गुणाकार सारखे.

आता बिंदूंवर जाऊ. सगळ्यात जवळच्या बिंदूवर क्षेत्र ७९६०. सगळ्यात दूरचा बिंदू प्रभारापासून ३० सेंटिमीटरवर आहे, तिथे क्षेत्र त्याच्या नवव्या भागाइतकं, सुमारे ८८०. स्पर्शबिंदूंच्या वर्तुळावर ते सुमारे २६५० आहे, पण तिथे ते गोलाला घासून जातं, म्हणून तिथल्या फ्लक्समध्ये त्याची भर शून्य. गोलावर एकही बिंदू असा नाही जिथे क्षेत्र शून्य आहे. तरीही एकूण फ्लक्स शून्य. पाच आणि वजा पाच यांची बेरीज शून्य येते म्हणून त्यातला पाच काही शून्य होत नाही. तू बेरजेवरून प्रत्येक पदाची किंमत ठरवलीस; चूक झाली ती एवढ्याच पायरीवर.

तुझ्या मनात आणखी एक शंका असणार, कारण ती दरवर्षी वर्गात कुणाच्या तरी तोंडून येते. गॉसच्या नियमात आतला प्रभारच मोजायचा असतो, मग बाहेरच्या प्रभाराचं क्षेत्र तिथे आलं कुठून? उत्तर असं, की नियमाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजव्या बाजूला फक्त आतला प्रभार असतो. डाव्या बाजूला जो E आहे, तो मात्र सगळ्या प्रभारांचा मिळून झालेला, म्हणजे त्या बिंदूवर प्रत्यक्ष असलेला E. बाहेरचे प्रभार त्या E ला ठिकठिकाणी कमीजास्त करतात, वाकवतात. पण संपूर्ण बंद पृष्ठभागावर बेरीज घेतली की त्यांची भर आपोआप शून्य होते, आता ६७ रेषांचं बघितलं तशी.

हे पक्कं बसावं म्हणून त्याच चित्रात एक बदल करू. बाहेरचा प्रभार आहे तिथेच राहू दे. तेवढाच, ८.८५ नॅनोकूलॉमचा दुसरा धन प्रभार गोलाच्या केंद्रावर ठेव. आता आत प्रभार आहे, म्हणून एकूण फ्लक्स १०००. आणि आपला तो जवळचा बिंदू? तो आता दोन्ही प्रभारांच्या बरोबर मध्ये आला, प्रत्येकापासून १० सेंटिमीटरवर. केंद्रातला प्रभार तिथे ७९६० चं क्षेत्र बाहेरच्या दिशेने देतो, बाहेरचा प्रभार तितकंच क्षेत्र आतल्या दिशेने. दोन्ही मिळून शून्य. म्हणजे एकूण फ्लक्स १००० असताना त्या बिंदूवर क्षेत्र शून्य! पलीकडच्या टोकाच्या बिंदूवर मात्र दोन्ही क्षेत्रं एकाच दिशेला आहेत, तिथे ७९६० आणि ८८० मिळून सुमारे ८८४० होतात. तुझ्या पेपरातल्या वाक्याचं हे नेमकं उलटं उदाहरण आहे. फ्लक्स शून्य असून क्षेत्र असू शकतं, आणि फ्लक्स असून एखाद्या बिंदूवर क्षेत्र शून्य असू शकतं.

मग पुस्तकात गॉसचा नियम वापरून क्षेत्र काढतात ते कसं, असं तू म्हणशील. तिथे एक अट असते, आणि ती अट सोडवणाऱ्याच्या तोंडी इतकी रुळलेली असते की लिहायची राहून जाते. फक्त केंद्रात प्रभार आहे आणि बाहेर काहीच नाही असं धर. गोलाचा कुठलाही बिंदू दुसऱ्या बिंदूपेक्षा वेगळा नाही, म्हणून क्षेत्राचं परिमाण सगळीकडे एकच असलं पाहिजे आणि दिशा सगळीकडे पृष्ठाला लंब. आता १००० ला गोलाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे सुमारे ०.१२६ चौरस मीटरने भागलं की ७९६० मिळतं. हा भागाकार चालला तो सममितीमुळे. गॉसच्या नियमाने फक्त बेरीज दिली. सगळी पदं सारखी आहेत ही माहिती सममितीने दिली.

सममिती अपुरी असेल तर तोच भागाकार कसा फसतो ते बघ. गोलाऐवजी २० सेंटिमीटर बाजूचा घन घे, प्रभार बरोबर मध्यावर. सहाही पृष्ठं प्रभाराच्या दृष्टीने सारखी, म्हणून प्रत्येकातून फ्लक्स १००० चा सहावा भाग, सुमारे १६७. इथपर्यंत सममितीने साथ दिली. आता १६७ ला पृष्ठाच्या क्षेत्रफळाने, ०.०४ ने भागून सुमारे ४१७० आले. हे कुठलं क्षेत्र? पृष्ठाच्या मध्यबिंदूवर प्रभार १० सेंटिमीटरवर आहे, तिथे क्षेत्र ७९६०. घनाच्या कोपऱ्यावर अंतर १७.३ सेंटिमीटर, तिथे क्षेत्र २६५०, आणि त्यातला पृष्ठाला लंब असलेला घटक तर जेमतेम १५३०. ४१७० हा आकडा मध्यावरही लागू नाही आणि कोपऱ्यावरही नाही. ती त्या पृष्ठावरच्या लंबघटकाची सरासरी आहे, त्यापलीकडे काही नाही. तेव्हा फ्लक्सला क्षेत्रफळाने भागण्याआधी स्वतःला विचार, या पृष्ठभागावरचे सगळे बिंदू प्रभाराला खरंच सारखे दिसतात का? उत्तर ‘नाही’ असेल तर कूलॉमच्या नियमाकडे जायचं आणि प्रत्येक प्रभाराचं क्षेत्र सदिश पद्धतीने मिळवायचं. तू खोडण्याआधी नेमकं हेच केलं होतंस.

तुझ्या पेपरात मी दुसऱ्या भागाला शेरा लिहून ठेवलाय. खोडलेल्या उत्तराला गुण देता येत नाहीत, पण खोडण्यामागचा विचार मला दिसला. दोन निष्कर्ष जुळत नाहीत हे तुझ्या ध्यानात आलं, ही मला मोठी गोष्ट वाटते. पुढच्या वेळी असं झालं तर रेघ मारण्याआधी दोन्ही वाक्यं पूर्ण लिहून काढ. ‘गोलाच्या संपूर्ण पृष्ठभागातून जाणारा फ्लक्स शून्य आहे’ आणि ‘या बिंदूवर क्षेत्र ७९६० आहे’. अशी लिहिली की एक वाक्य पृष्ठभागाबद्दल आहे आणि दुसरं बिंदूबद्दल, हे लगेच दिसतं.

पुढच्या तासाला येताना एक गणित सोडवून आण. तोच २० सेंटिमीटर बाजूचा घन, तोच ८.८५ नॅनोकूलॉमचा प्रभार, पण आता तो घनाच्या एका कोपऱ्यावर ठेव. त्या कोपऱ्याभोवती तसेच आणखी सात घन रचले तर प्रभार आठ घनांनी पूर्ण वेढला जातो, म्हणून आपल्या एका घनातून बाहेर जाणारा फ्लक्स १२५. प्रश्न असा: त्या कोपऱ्याला चिकटलेली तीन पृष्ठं आहेत. प्रभार त्यांच्याच कोपऱ्यावर बसलाय आणि त्याच्या अगदी लगत, या पृष्ठांवर, क्षेत्र हवं तितकं मोठं सापडतं. तरीही त्या तिन्ही पृष्ठांतून जाणारा फ्लक्स शून्य आहे, आणि सगळे १२५ समोरच्या तीन पृष्ठांतून बाहेर पडतात. असं का, ते आकृती काढून दाखव. आकृतीत त्या तीनपैकी एका पृष्ठावरच्या कुठल्याही बिंदूवर क्षेत्राचा बाण काढ आणि तो बाण पृष्ठाशी कसा आहे ते बघ. आणि या वेळी काही खोडू नकोस. पहिला विचार तसाच राहू दे, मला तो वाचायचा आहे.

तुझे,
भौतिकशास्त्राचे सर